ऐकलं तसंच लिहायचं, पण नेमकं कसं?

तुमच्या फोनमध्ये आजीच्या किंवा आजोबांच्या बोलण्याचं एखादं लांबलचक रेकॉर्डिंग आहे का? लग्नातल्या गमती, जुन्या घराचं वर्णन, एखाद्या दुष्काळाची आठवण. अनेक घरांत अशा फाइल पडून असतात. तासभर कोण ऐकणार, म्हणून त्या कुणी उघडत नाही. मग एक दिवस फॅमिली ग्रुपवर कुणीतरी सुचवतं, “आपण हे लिहून काढू या ना! वाटून घेऊ.” इंदूरचा भाऊ पहिली पंधरा मिनिटं घेतो, पुण्याची बहीण पुढची पंधरा, बेंगळुरूची भाची त्यापुढची.

काम पूर्ण झाल्यावर सगळे तुकडे एकत्र केले की गंमत दिसते. भावाने “मले” लिहिलेलं असतं, बहिणीने “मला”, आणि भाचीने “मले (मला)”. एकाने प्रत्येक “अं” टिपलेला असतो, दुसरीने सगळे काढून टाकलेले असतात. जिथे शब्द कळला नाही तिथे कुणीतरी अंदाजाने भरलेला असतो, आणि तो नेमका कुठे भरला हे आता त्यालाही आठवत नसतं. तिघांनीही मनापासून काम केलं, पण कागदावर मात्र तीन वेगवेगळ्या आजी बोलताना दिसतात.

यावर उपाय आहे तो म्हणजे काम सुरू करण्याआधी केलेली दोन पानांची नियमावली. मुलाखती लिहून काढण्याचं काम करणारे तिला स्टाइल गाइड म्हणतात. इंग्रजीसाठी अशा नियमावल्या तयार मिळतात, पण त्या मराठीला जशाच्या तशा चालत नाहीत. कारण मराठीत नुसत्या “हं” आणि “अंहं” या हुंकारांत होकार आणि नकाराचा फरक असतो, आणि “बंडी” हा शब्द गावागणिक अर्थ बदलतो. म्हणून ही नियमावली तुम्हालाच लिहावी लागेल. तिच्यातले सगळे नियम एकाच गोष्टीसाठी असतात: बोलणाऱ्याचे शब्द कोणते आणि लिहिणाऱ्याचा निर्णय कोणता, हे वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत वेगळं ओळखू आलं पाहिजे.

आधी फरक शोधा, मग नियम लिहा

कोऱ्या कागदावर नियम सुचत नाहीत. त्यापेक्षा रेकॉर्डिंगमधली कोणतीही पाच मिनिटं निवडा. शक्यतो मधली निवडा, कारण सुरुवातीला माणूस जरा सावरून, “पुस्तकी” बोलतो. ही पाच मिनिटं दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता लिहून काढा. नंतर दोन्ही प्रती शेजारी ठेवा आणि जिथे जिथे फरक आहे तिथे खूण करा. प्रत्येक खूण म्हणजे तुमच्या नियमावलीतला एक नियम. जिथे फरकच पडला नाही तिथे नियमाची गरज नाही.

वेळेचा अंदाजही इथेच येतो. स्पष्ट आवाजातलं एक तासाचं बोलणं लिहून काढायला सवय असलेल्या माणसालासुद्धा साधारण चार ते सहा तास लागतात. बोली अनोळखी असेल किंवा मागे पंखा, टीव्ही चालू असेल तर त्याहून जास्त. हे आधीच माहीत असलं की “रविवारी संपवू” असं म्हणून घाईत शब्द गाळण्याची वेळ येत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. मासिकात आपण “शब्दांकन” वाचतो, तसं घोटीव लेखन तुम्हाला करायचं आहे का? ते जरूर करा, पण नंतर आणि वेगळ्या फाइलमध्ये. पहिली प्रत बोललेल्या शब्दांचीच असू द्या. बोललेल्या प्रतीवरून घोटीव प्रत केव्हाही तयार करता येते. घोटीव प्रतीवरून मूळ बोलणं मात्र परत मिळत नाही.

वीस सेकंदांचा एक नमुना

नियम कसे काम करतात ते एका उदाहरणावर पाहू. समजा, अकोल्याकडच्या एक आजी कापसाच्या हंगामाबद्दल सांगत आहेत. स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग चालू आहे. कानावर साधारण असं येतं:

“मंग मंग आमी कापूस वेचाले जात होतो मामाजी सकायी बंडी जुपत अं थ्या साली पाणी लय आलं म्हणे पूल वाहून गेला पऱ्हाटीत पाणी शिरलं दोन अंहं तीन मण कापूस घरातच राह्यला...” आणि पुढे कुकरची शिट्टी. शिट्टीखाली एक गावाचं नाव बुडतं, आणि मग “...ले नेता नाही आला” एवढं ऐकू येतं.

आता नियमावली नसताना एखाद्या हुशार, नीटनेटक्या नातवाने हे कसं लिहिलं असतं?

“आम्ही कापूस वेचायला जायचो. मामा सकाळी बंडी घालत. त्या वर्षी खूप पाऊस आला. पूल वाहून गेला. शेतात पाणी शिरलं. दोन-तीन मण कापूस घरातच राहिला, अकोटला नेता आला नाही.”

वाचायला किती सोपं वाटतं! एकही शब्द अडत नाही. आणि तरीही यात पाच ठिकाणी आजीचं म्हणणं बदललं आहे. विदर्भात “मामाजी” म्हणजे सासरे; इथे ते आईचे भाऊ झाले. तिकडे “बंडी” म्हणजे बैलगाडी. इथे ते अंगात घालायचं वस्त्र झालं आणि त्याला जुळावं म्हणून “जुपत”चं “घालत” झालं. पूल वाहून गेल्याचं आजीने फक्त ऐकलं होतं. इथे ते पाहिल्यासारखं झालं. तीन मणांचे दोन-तीन मण झाले. आणि अकोट हे नाव तर रेकॉर्डिंगमध्ये ऐकूच येत नाही, ते नातवाच्या मनातून आलं. चुकीचं लिखाण वाचताना अडखळायला झालं असतं तर कुणीतरी ते परत तपासलं असतं. इथे अडखळायला काही उरलंच नाही, म्हणून ते कुणी तपासणारही नाही.

बोलीतला शब्द: ठेवायचा की सुधारायचा?

“शुद्ध लिहा” असं शाळेपासून आपल्या मनावर बिंबलेलं असतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. ते लेखी मराठीसाठी आहेत. “असे, केले” यांच्याऐवजी संवादात “असं, केलं” लिहायला त्यांत मुभा आहे. पण “मले” आणि “वेचाले” कसं लिहायचं, हे त्यांत शोधून उपयोग नाही. तो निर्णय तुमचा आहे.

तो घेताना तीन गोष्टी वेगळ्या करा. पहिली म्हणजे वेगळा शब्द: बंडी, पऱ्हाटी, मामाजी. दुसरी म्हणजे वेगळं रूप: मले, वेचाले, थ्या. या दोन्ही नेहमी जशाच्या तशा ठेवायच्या, कारण त्या त्या बोलीचं व्याकरण आणि शब्दधन आहेत. मालवणी आजी “माका” म्हणेल तर “माका”च लिहा. मालवणीतलं “तो घरात असा” म्हणजे “तो घरात आहे”. इथे “असा” हा शब्द चुकला आहे असं समजून दुरुस्त केलात तर वाक्याचं क्रियापदच जाईल.

तिसरी गोष्ट म्हणजे उच्चार, आणि खरा वाद इथेच होतो. आजी “आमी” म्हणाली, “नाई” म्हणाली. पण घाईत बोलताना पुण्यातला प्राध्यापकही “आमी”, “नाई”, “पायजे” असंच म्हणतो. मग फक्त आजीच्याच तोंडी “नाई” लिहिणं हा अन्याय आहे. प्रश्न विचारणाऱ्या नातवाचं “पायजे” आपण नकळत “पाहिजे” करतो आणि आजीचं मात्र “पायजे” ठेवतो. वाचणाऱ्याला वाटतं, एक शिकलेला आणि एक अडाणी. म्हणून दोघांना एकच नियम लावा.

कसोटी सोपी आहे. तो माणूस सावकाश, ठासून सांगतानाही तसंच म्हणतो का? रेकॉर्डिंगमध्ये अशी जागा हमखास सापडते, जेव्हा कुणी “काय?” विचारतं आणि आजी तोच शब्द पुन्हा, तोडून तोडून सांगते. तेव्हाही “सकायी”च आलं तर ते तिच्या बोलीचं आहे, “सकायी” लिहा. तेव्हा “आम्ही” आलं तर आधीचं “आमी” फक्त घाईचं होतं, “आम्ही” लिहा.

वऱ्हाडीत “ळ”च्या जागी अनेकदा “य” येतो, हे माहीत नसेल तर फसगत होते. डोळे “डोये” होतात, पोळी “पोयी” होते, काळा “काया” होतो. “काया” ऐकून तुम्हाला शरीर आठवलं तर वाक्याचा अर्थ भलतीकडे जाईल. म्हणून प्रत्येक बोलीसाठी एक शब्दयादी ठेवा. चार रकाने पुरे: ठरवलेलं लेखन, अर्थ, शब्द पहिल्यांदा कुठे आला ती वेळ, आणि अर्थ कुणी सांगितला. आपल्या नमुन्यातून यादीत जाणारे शब्द असे:

बंडी: बैलगाडी
मामाजी: सासरे
पऱ्हाटी: कपाशीचं झाड, उभं पीक
वेचाले: वेचायला
सकायी: सकाळी
थ्या: त्या

अर्थ यादीतच द्या, ओळीच्या मध्ये कंसात नको. “मले (मला) बंडीत (बैलगाडीत) बसवलं” असं वाचताना आजीचा आवाज ऐकू येत नाही, शिकवणी ऐकू येते.

एक तांत्रिक बारकावाही इथे सांगून ठेवते. “पऱ्हाटी”, “वऱ्हाड” यांतला अर्धा “र” वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना फोन त्यांना वेगळे शब्द मानतो, आणि निम्मे “पऱ्हाटी” सापडतच नाहीत. असा शब्द दर वेळी टाइप करण्याऐवजी शब्दयादीतून कॉपी करा.

तुमचं घर महाराष्ट्राबाहेरचं असेल तर यादीत आणखी एक रकाना लागेल. इंदूरच्या मराठीत हिंदी शब्द येतात, बडोद्याच्या मराठीत गुजराती, बेळगावकडे कन्नड, तंजावरच्या मराठी घरांत तमिळ. ते शब्द मराठीत भाषांतरित करू नका. ऐकू आले तसे देवनागरीत लिहा आणि यादीत कोणत्या भाषेतला ते नोंदवा. पन्नास वर्षं तंजावरात राहिलेल्या माणसाने मराठी वाक्यात तमिळ शब्द वापरला, तर ती त्याची मराठीच आहे.

“अं” आणि “अंहं”मध्ये नकाराचा फरक

अडखळणं लिहायचं की गाळायचं? याचं एकच उत्तर देऊन चालत नाही, कारण आपण ज्यांना अडखळणं म्हणतो त्यांत निरनिराळ्या गोष्टी असतात.

नुसते आवाज घ्या. “अं”, “उं”, “अंऽऽ” हे विचार करतानाचे आवाज आहेत. त्यांच्यासाठी एकच लेखन ठरवा: “अं...”. किती लांबला हे मोजत बसू नका. पण “हं” म्हणजे होकार, आणि “अंहं” म्हणजे नकार. हे दोन्ही शब्द आहेत, आवाज नव्हेत. ते कधीही गाळायचे नाहीत. आपल्या नमुन्यात आजी म्हणाली, “दोन, अंहं, तीन मण.” तिने स्वतःची चूक दुरुस्त केली होती. “अंहं” गाळल्याबरोबर “दोन तीन मण” उरलं, आणि मराठीत “दोन-तीन” म्हणजे अंदाजे. आजीला आकडा नक्की आठवत होता. लिहिणाऱ्याने तिला मोघम बोलणारी करून टाकलं.

आता काही शब्द असे असतात की ते भरतीचे वाटतात, पण नसतात. त्यांतला सगळ्यात फसवा म्हणजे “म्हणे”. “पूल वाहून गेला” आणि “म्हणे पूल वाहून गेला” यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगतो की मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. उद्या कुणी गावाचा इतिहास लिहिताना हे ट्रान्स्क्रिप्ट वापरलं, तर पहिल्या वाक्यावरून आजी साक्षीदार ठरेल. त्यामुळे “म्हणे” सक्तीने ठेवा. “बहुतेक”, “वाटतं”, “असेल बहुधा” यांनाही हाच नियम. “म्हणजे”, “आपलं”, “काय” हे शब्द मात्र काही जणांच्या बोलण्यात खरोखर टेकू म्हणून येतात. पहिल्या प्रतीत तेही ठेवा; घोटीव प्रतीत गाळायला हरकत नाही.

पुन्हा आलेल्या शब्दांचंही तसंच आहे. “मंग... मंग” ही अडखळ आहे. “लहान लहान पोरं”, “जाता जाता”, “रडून रडून” ही अडखळ नाही, ते मराठीचं व्याकरण आहे. वेगाने लिहिताना हात दुसरा शब्द आपोआप खाऊन टाकतो. फरक ऐकू येतो तो मधल्या थांब्यावरून. अडखळताना पहिल्या शब्दानंतर आवाज तुटतो. “लहान लहान” एका दमात येतं. तुटलेल्या जागी तीन टिंबं द्या, एका दमातल्या जोडीत काही देऊ नका. वाक्य अर्धवट सोडून दुसरं सुरू केलं तर मध्ये आडवी रेघ द्या: “दोन— अंहं, तीन मण”.

शांततेलाही नियम हवा. श्वास घेण्यापुरता थांबा लिहू नका. तीन सेकंदांहून जास्त थांबली तर [थांबली, ५ सेकंद] असं लिहा. हसणं, रडणं, खोकणं चौकटी कंसात, पण फक्त ऐकू आलेलंच: [हसते], [आवाज भरून येतो]. [दुःखाने] किंवा [उपहासाने] लिहू नका. ते तुमचं मत आहे. आजी दुःखाने थांबली की विडा शोधायला थांबली, हे फोनला माहीत नसतं.

ऐकू आलं नाही, तर तसं लिहा

शिट्टीखाली बुडालेलं ते गावाचं नाव. इथे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा असते, कारण आपला कान रिकामी जागा सहन करत नाही. पुढचा-मागचा संदर्भ घेऊन तो एक शब्द तयार करतो, आणि एकदा तयार झाला की तोच “स्पष्ट ऐकू” यायला लागतो.

म्हणून ऐकण्याचीही एक पद्धत ठरवा. हेडफोन लावा. अडलेल्या शब्दाच्या दहा सेकंद आधीपासून ऐका, नुसता तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकू नका. मग वेग थोडा कमी करून ऐका. चार-पाच वेळा ऐकूनही कळलं नाही तर खूण करून पुढे जा. पुष्कळदा तेच नाव दहा मिनिटांनी पुन्हा येतं, तेव्हा कुकर नसतो.

शेवटी त्या भागातल्या माणसाला ऐकवा. पण ऐकवताना “आजी अकोट म्हणते ना?” असं विचारू नका. तुमचा शब्द कानात पडला की त्यालाही तोच ऐकू येईल. फक्त ऐकवा आणि विचारा, “काय म्हणते?” दोघांनी एकमेकांना न विचारता एकच नाव सांगितलं तर ते धरायला हरकत नाही.

खुणा तीनच ठेवा, पण त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

काहीच कळत नाही: [अस्पष्ट], आणि कारण माहीत असेल तर तेही: [अस्पष्ट, कुकरची शिट्टी].

अंदाज आहे, खात्री नाही: शब्द कंसात आणि प्रश्नचिन्ह, [अकोट?]. दोन शक्यता असतील तर दोन्ही: [पूल/फूल?].

उच्चार स्पष्ट आहे, अर्थ माहीत नाही: शब्द जसाच्या तसा आणि पुढे तारा, बंडी*.

ही तिसरी खूण बहुतेक जण विसरतात, आणि बोलींसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्या नातवाला “बंडी” म्हणजे फक्त कपडा माहीत होता, त्याला “जुपत” पाशी शंका यायला हवी होती: कपडा कुणी जुंपत नाही. आवाज स्वच्छ होता, फक्त अर्थ लागत नव्हता. अशा वेळी [अस्पष्ट] लिहिलं तरी शब्द हरवतो, आणि ओळखीचा शब्द बसवला तरी हरवतो. तारा लावला की शब्द टिकतो आणि प्रश्नही टिकतो. मग सगळे तारे एकत्र करून एका फोनवर आजीलाच विचारता येतात. पुढे उत्तर मिळालं की तारा काढा आणि शब्द यादीत टाका.

अंदाजाचा आणखी एक छुपा प्रकार म्हणजे आकडे. आजोबा म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात.” तुम्ही लिहिलंत, “१९७२च्या दुष्काळात.” बरोबरच आहे, महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला होता. पण नियम म्हणून ही सवय धोक्याची. “सत्तावन्नात वाडा बांधला” हे वाक्य पणजोबांबद्दल असेल तर शतक कोणतं? बोललेला शब्द लिहा. “अडीचशे”, “पावणेदोन”, “दीड कोस” हेही अक्षरांतच ठेवा.

आणि घरातल्या कुणाबद्दलचा एखादा खासगी भाग आजीच्या इच्छेने गाळायचा असेल, तर गुपचूप गाळू नका. [वगळलं] असं लिहून वेळ द्या. गाळणं हा निर्णय आहे, आणि निर्णय दिसायला हवा.

वेळेची नोंद: परत जायची वाट

वरच्या सगळ्या खुणांचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा वाचणारा त्या जागी जाऊन स्वतः ऐकू शकतो. त्यासाठी वेळेची नोंद.

प्रत्येक वाक्याला वेळ देऊ नका. पान आकड्यांनी भरून जातं. बोलणारा बदलला की द्या, एकच माणूस बोलत राहिला तर दर मिनिटाला एकदा द्या, आणि प्रत्येक चौकटी कंसाला न चुकता द्या. तास, मिनिटं, सेकंद असा एकच साचा ठेवा: 00:12:41. रेकॉर्डिंग तासापेक्षा छोटं असलं तरी पुढची दोन शून्यं लिहा, म्हणजे 12:41 हे बारा मिनिटं की बारा तास असा प्रश्न पडत नाही. मजकूर मराठी असला तरी वेळेचे आकडे फोनचा प्लेअर दाखवतो त्याच आकड्यांत लिहा. पाहून लिहिताना चूक होत नाही आणि शोधताना लगेच सापडतं.

वेळ नेहमी मूळ फाइलच्या सुरुवातीपासून मोजा. रेकॉर्डिंग तीन फाइलमध्ये असेल तर प्रत्येक फाइलला क्रमांक द्या आणि वेळेआधी तो लिहा. सगळ्यात मोठा घोळ होतो तो नंतर. कुणीतरी सुरुवातीचा “हॅलो, चालू झालं का?” हा भाग कापून “स्वच्छ” फाइल ग्रुपवर टाकतं, आणि सगळ्या नोंदी चुकतात.

असं झालं आहे का, हे कसं ओळखायचं? सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन नोंदी तपासा. तिन्ही ठिकाणी सारखाच, म्हणजे समजा अठरा सेकंदांचा फरक असेल, तर सुरुवातीचा तेवढा तुकडा कापलेला आहे. सुरुवातीला फरक नाही, पण मध्ये आणि शेवटी सारखाच आहे, तर मधलं काहीतरी कापलं आहे. फरक हळूहळू वाढत गेला असेल, तर फाइलचा वेग बदलला आहे. तिन्ही प्रसंगी उपाय एकच: मूळ फाइल शोधा. म्हणून कापायच्या आधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा आणि ट्रान्स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहा.

आता तोच नमुना, नियमांनुसार

00:12:20 आजी: मंग... मंग आम्ही कापूस वेचाले जात होतो. मामाजी सकायी बंडी जुपत. अं... थ्या साली पाणी लय आलं, म्हणे पूल वाहून गेला. पऱ्हाटीत पाणी शिरलं. दोन— अंहं, तीन मण कापूस घरातच राह्यला. [अस्पष्ट, कुकरची शिट्टी, 00:12:41]ले नेता नाही आला.

आधीच्या नीटनेटक्या प्रतीशेजारी हे ठेवून पाहा. इथे वाचायला थोडा वेळ लागतो. पण पूल कुणी पाहिला नव्हता हे कळतं, आकडा पक्का होता हे कळतं, आणि गावाचं नाव अजून शोधायचं आहे हेही कळतं. “ले” हा प्रत्यय ऐकू आला होता, म्हणून तो कंसाबाहेर राहिला. शिट्टीखाली जे होतं ते नावच होतं, हे त्या एका अक्षरावरून पुढच्या माणसाला समजेल.

ट्रान्स्क्रिप्ट हातात आल्यावर ते विश्वासाचं आहे का, हे पाहायची एक झटपट खूण आहे. स्वयंपाकघरात, पंख्याखाली, चार माणसांत झालेल्या तासाभराच्या बोलण्यात एकही [अस्पष्ट] नसेल, तर लिहिणाऱ्याचे कान चांगले आहेत असं समजू नका. त्याने जागा भरल्या आहेत असं समजा आणि कोणतीही दोन मिनिटं काढून ऐका.

भिंतीवर लावायचं पान

१. पहिली प्रत बोललेल्या शब्दांची. घोटीव प्रत नंतर, वेगळ्या फाइलमध्ये.

२. बोलीतला शब्द आणि रूप जसंच्या तसं. सावकाश बोलतानाही टिकतो तो उच्चार ठेवा. घाईतला उच्चार सगळ्यांसाठी प्रमाण लेखनात.

३. अर्थ शब्दयादीत, ओळीच्या मध्ये नाही.

४. विचारातला आवाज एकाच प्रकारे: “अं...”. “हं”, “अंहं” आणि “म्हणे” कधीही गाळायचे नाहीत.

५. वाक्य तुटलं तर रेघ, शब्द अडखळला तर तीन टिंबं. “लहान लहान” ही अडखळ नव्हे.

६. कळलं नाही तर [अस्पष्ट], अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह, अर्थ माहीत नसेल तर तारा.

७. वेळ मूळ फाइलवरून, बोलणारा बदलला की, दर मिनिटाला आणि प्रत्येक कंसाला.

८. नवा फरक सापडला की नवा नियम लिहा, तारीख टाका आणि सगळ्यांना कळवा. जुन्या पानांवरही तो लावा.

सगळ्यात आधी एक फोन करा. ज्यांचं बोलणं लिहायचं आहे त्या आजी-आजोबांना, काका-मावशींना तारे लावलेले शब्द विचारा. बंडीला किती बैल लागत, मामाजी कुठल्या बाजाराला जात, हे सांगणारी माणसं फोनच्या पलीकडे आहेत तोवर यादीतले रकाने भरून घ्या.